गप्प राहिलेले चार वाफे

तुरीची झाडं मोजायचं काम मी बावीस वर्षं केलं. शहराच्या कडेला, सिल्लोडच्या रस्त्यानं गेलं की एक संशोधन केंद्राचं शेत आहे. तिथं रोजानं खुरपायचं, काढायचं, बांधायचं आणि मोजायचं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण आकडे चुकत नाहीत, म्हणून मोजणीला मला पुढं करायचे.

त्या शेताचा एक तुकडा मुद्दाम आजारी ठेवलेला होता. तुरीला मर रोग येतो. झाड वरून हिरवं दिसतं आणि आठ दिवसांत उभ्या उभ्या वाळतं. हा रोग मातीतून येतो. म्हणून त्या तुकड्यात वर्षानुवर्षं मेलेल्या झाडांची मुळं परत गाडायची, म्हणजे रोग टिकून राहतो. मग तिथं वेगवेगळे वाण पेरायचे आणि बघायचं, कोण जगतं. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, शिकलेल्या माणसांचं डोकं फिरलंय. नंतर पटलं. जिथं सगळं मरतं तिथं जगलेलं झाडच खरं.

मी सांगते ती गोष्ट माझ्या शेवटच्या दोन हंगामांची आहे. त्या वर्षी तुकडा एका पोरीकडं होता. कृषीची मोठी डिग्री करत होती. गाव देवगाव रंगारी, घरची शेती, मुसलमानाची पोर. डोक्याला ओढणी घट्ट बांधून सकाळी आमच्याआधी शेतात हजर असायची. मला मावशी म्हणायची. तिनं बारा वाण लावले होते. शेताच्या चार पट्ट्या, एका पट्टीत बारा वाफे, असे अठ्ठेचाळीस वाफे. प्रत्येक वाण प्रत्येक पट्टीत एकदा, पण जागा बदलून. वाफ्याच्या तोंडाला खुंटी, खुंटीवर नंबर. एका वाफ्यात चाळीस झाडं.

त्या बारांत एक वाण मरण्यासाठीच लावलेला होता. आम्ही बाया त्याला मरका म्हणायचो. तो मेला तरच कळतं की मातीत रोग आहे. तो जगला तर सगळी चाचणी फुकट. आणि एक वाण त्या पोरीच्या आईचा होता. त्याची कथा तिनं मला बांधावर बसून भाकरी खाताना सांगितली होती.

"मावशी, अम्मीच्या रानात दोन वर्षांपूर्वी अख्खी तूर मेली. एकच झाड उभं राहिलं. अब्बा म्हणाले, काढून टाका. अम्मीनं त्याला हात लावू दिला नाही. त्याच्या शेंगा धुऊन पुसून डब्यात ठेवल्या. पुढच्या वर्षी परसात लावलं, पुन्हा जगलं. ते सगळं बी मी इथं आणलंय."

"सगळं? घरी काय ठेवलं?"

"काहीच नाही. अठ्ठेचाळीसपैकी चार वाफे भरायचे तर तेवढंच होतं."

"वेडी आहेस," मी म्हणाले. "थोडं तरी ठेवायचं."

"अम्मी पण हेच म्हणाली."

शेवटची मोजणी डिसेंबर संपता संपता झाली. ती कशी व्हायची हे नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पोरगी बांधावर उभी. मी आणि माझी शेजारीण वाफ्यात. शेजारीण झाडं हातानं बाजूला करायची, मी उभी हिरवी झाडं मोजायची आणि ओरडून आकडा सांगायची. पोरगी मोबाइलमध्ये तक्ता करून एकेका खान्यात आकडा टाकायची. आधीचे मोठे सर कागदाच्या वहीत लिहायचे. ते ऑक्टोबरात बदलून गेले होते. पोरगी म्हणायची, वही दवानं भिजते, मोबाइल बरा.

आमची एक रीत होती. उभ्या पिकात शून्य म्हणायचं नाही. काही नाही, संपलं, गेलं, असलं काही बोलायचं नाही. माझी सासू असं वागायची, तिच्याकडून मी शिकले, माझ्याकडून बाकीच्या बाया. मी देवाधर्माच्या फार मागं नसते. पण शेतात शून्य म्हणायला माझी जीभ वळायची नाही. सगळा वाफा मेलेला असला की आम्ही गप्प उभं राहायचो, मी हात उलटा करून दाखवायची आणि पुढच्या वाफ्यात जायचो. मोठ्या सरांना हे ठाऊक होतं. आम्ही गप्प झालो की ते आपले वहीत गोल काढायचे. कधी काही बिघडलं नाही.

मोजणी झाली. त्याच संध्याकाळी पोरीनं आकडे केंद्राच्या संगणकावरच्या पानात भरले. मोबाइलमधला तक्ता बोटानं धरायचा आणि तिकडं नेऊन चिकटवायचा, एवढंच काम. जमा झाल्याचा निरोप आला. तिसऱ्या दिवशी हौदावर हात धुताना मोबाइल तिच्या खिशातून पाण्यात पडला. औरंगपुऱ्यातल्या दुरुस्तीवाल्यानं दोन दिवस ठेवून घेतला आणि सांगितलं, आतलं काही निघत नाही. ती हसत म्हणाली, "जाऊ द्या मावशी, आकडे तर जमा झालेत." मग तिला टायफॉईड झाला आणि तिचा बाप येऊन तिला गावी घेऊन गेला.

तूर आम्हीच काढली. वाफ्यावाफ्याचं बी वेगळं झोडपून कापडी पिशवीत भरलं. प्रत्येक पिशवीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आणि तिच्यावर खुंटीवरचा नंबर मी माझ्या हातानं लिहिला. पिशव्या गोदामात गेल्या. शेतावर ट्रॅक्टर फिरला.

मार्चमध्ये पोरगी परत आली. निम्मी झाली होती. मी बांधावर गवत काढत होते. ती सरळ माझ्यासमोर येऊन बसली, ओल्या मातीत, कपड्यांचा विचार न करता. हातात एक छापलेला कागद होता.

"मावशी, नवीन सरांनी चाचणी बाद केली."

"म्हणजे?"

"म्हणजे झालीच नाही असं धरायचं. सर म्हणतात मरका वाण मेला नाही. म्हणून मातीत रोगच नव्हता. सगळे वाण सारखेच दिसतात, कोणी चांगलं नाही, कोणी वाईट नाही. अम्मीचं बी पण त्यातच."

मी म्हणाले, "त्यांनी शेत बघितलं का?"

"ते जानेवारीत आले. तेव्हा कापणी झाली होती. त्यांच्याकडं फक्त आकडे आहेत." तिनं कागद माझ्यापुढं धरला. "बघा. पाच नंबरचा वाफा. मरका. सदतीस झाडं जिवंत."

माझ्या हातातलं खुरपं खाली पडलं. हे शब्द मी शोभेसाठी लिहीत नाही. खरंच पडलं, आणि माझ्या पायाच्या बोटाला लागलं, ते मला संध्याकाळी कळलं.

पाच नंबरचा वाफा पंपाच्या खोलीला लागून होता. त्यात एकही झाड उभं नव्हतं. मला हे ठाऊक होतं, कारण त्या वाफ्यातल्या वाळलेल्या तुराट्या मी स्वतः उपटून, मुळं छाटून, मोळी बांधून घरी नेल्या होत्या. मेलेली झाडं न्यायची आम्हाला परवानगी होती. त्या तुराट्यांवर मी चार दिवस पाणी तापवलं. आणि आता कागद म्हणत होता, तिथं सदतीस झाडं उभी आहेत.

"हे कोणी लिहिलं?" मी विचारलं.

"मीच."

"तू नाय लिहिलं. मी सांगितलंच नाय सदतीस."

"मला पण आठवतं, मावशी, पाचवा वाफा मेला होता. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, आठवण आकडा नसते. तुम्हीच भरलेले आकडे आहेत, आता बदलून मागू नका. असं केलं तर डिग्रीवरच प्रश्न येईल." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "आणि मला ताप होता ना आधीपासून. आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही."

माझी शेजारीण तोवर जवळ आली होती. तिनं कागद उलटा धरून बघितला, तिला वाचता येत नाही. म्हणाली, "अक्का, मेलेल्या तुरी उठून बसल्या म्हणायच्या की. आपल्या सासवांनी बघितलं तर उठायच्या त्या बी."

पोरीला हसू आलं नाही. मला बी आलं नाही.

मी विचारलं, "हा कागद सरांनी केलेला तक्ता आहे. तू जे पाठवलं होतंस ते कुठंय?"

तिनं वडिलांच्या मोबाइलमध्ये केंद्राचं पान उघडलं. मी चष्मा लावला. मला वाटलं होतं चार ओळी असतील, बारा-बारा खाने, मध्ये रेघा, शाळेतल्या पाढ्यांच्या तक्त्यासारखं. तिथं एकच ओळ होती. आकडे, आकडे, आकडे. बोटानं सरकवायला लागली तर संपेना. पट्टी नाही, वाफा नाही, कुठं एक संपलं आणि दुसरं सुरू झालं त्याची खूण नाही.

आमचं अख्खं शेत त्यात होतं. चार पट्ट्या, अठ्ठेचाळीस खुंट्या, आमचा सगळा दिवस, असं एका दोरीत ओवल्यासारखं.

"हे असं कसं झालं?"

"तो खाना एका ओळीचाच होता, मावशी. त्याच्यात खालची ओळ मावतच नाही. तक्ता चिकटवला की जिथं ओळ संपते तिथं तो फक्त एक मोकळी जागा सोडतो. खान्यांमधल्या रेघांचं पण तसंच. मला सुरुवातीचे पाच-सहा आकडे दिसले, मला वाटलं बाकीचे खाली असतील. मी बटण दाबलं." तिनं छापलेल्या कागदाकडं बोट दाखवलं. "सरांनी मग त्या ओळीचे बारा-बारा तुकडे करून परत तक्ता केला."

"मग बरोबर आलं पाहिजे की."

"शेवटी चार कमी पडतात. चव्वेचाळीसच आकडे आहेत. सर म्हणाले, शेवटचे चार वाफे तुम्ही मोजलेच नसतील. अंधार पडला असेल."

ह्यावर शेजारणीला राग आला. "अंधार कुठला? चार वाजता मोजून झालं होतं. मी घरी जाऊन दळण आणलं."

"वाच," मी पोरीला म्हणाले. "पहिल्यापासून वाच. सावकाश."

तिनं वाचायला सुरुवात केली. एकवीस. नऊ. चौदा. सव्वीस. मी डोळे मिटले आणि वाफ्यातून चालायला लागले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथ्यात गाजरगवत होतं तो. मग पंपाची खोली.

"सदतीस," ती म्हणाली.

"थांब."

ती थांबली.

"सव्वीस आणि सदतीसच्या मध्ये मी गप्प होते," मी म्हणाले. "पाचव्यापाशी. मी हात उलटा केला. तू काय लिहिलंस तेव्हा?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "काही नाही. तुम्ही आकडा सांगितला नाही, म्हणून मी खाना मोकळा सोडला. पुढच्या खान्यात गेले."

"मग तो मोकळा खाना ह्या ओळीत कुठंय?"

"नाही," ती म्हणाली. आणि ओळ बोटानं मागं नेली. "मोकळ्याच्या अलीकडं मोकळी जागा, पलीकडं मोकळी जागा. हे पान लागोपाठच्या सगळ्या मोकळ्या जागा मिळून एकच दाखवतं. मावशी, तो खाना गेला. सहाव्याचा आकडा सरकून पाचव्यात आला. सातव्याचा सहाव्यात. सदतीस हा मरक्याचा नाही. सहावा वाफा कोणाचा होता?"

तिला ठाऊक होतं कोणाचा होता. सहावा वाफा तिच्या आईचा होता.

आम्ही तिघी तिथंच बसलो. पोरगी ओळ वाचत गेली आणि मी सांगत गेले, इथं गप्प, इथं गप्प. पंधराव्यापाशी गप्प. तेहतिसाव्यापाशी, अडतिसाव्यापाशी. चार वेळा. चार पट्ट्यांतला मरका चार जागी लावला होता, चारी जागी मेला होता, आणि चारी वेळा मी तोंड उघडलं नव्हतं. एका गप्प वाफ्यानं पुढचे सगळे आकडे एकेक घर सरकले, दुसऱ्यानं दोन घरं, असं करत शेवटी चार. शेवटचे चार वाफे मोजलेले होतेच. ते ओळीत होते, पण दुसऱ्यांच्या नावावर.

मला काय वाटलं ते सांगते. आयुष्यात नवरा मेला तेव्हाही मी इतकी सुन्न झाले नव्हते, कारण ते सहा महिने आधी दिसत होतं. हे दिसलं नव्हतं. मी एक शब्द बोलले असते, शून्य, दोन अक्षरं, तर त्या खान्यात आकडा पडला असता आणि तो आकडा ओळीत राहिला असता. ओळ कशीही दाबली, चेंगरली तरी शून्य जागा धरून बसलं असतं. मोकळ्या जागेला कोणी विचारत नाही. मी रीत पाळली आणि एका बाईचं बी बुडवलं.

"चूक माझी आहे," मी म्हणाले.

"माझी पण," पोरगी म्हणाली. "मीच शून्य टाकायला पाहिजे होतं. मला कळत होतं ना."

"तुमच्या दोघींची राहू द्या," शेजारीण म्हणाली. "सर बियाचं काय करणार आहेत?"

पोरगी उठलीच. "गोदाम रिकामं करायला सांगितलंय. बाद चाचणीचं बी ढिगात टाकायचं. आज सकाळीच गोदामातल्या मामांना सांगितलं म्हणे."

गोदाम शेताच्या दुसऱ्या टोकाला. माझे गुडघे तेव्हाही दुखायचे. पण त्या दिवशी मी त्या पोरीच्या पुढं पोहोचले.

गोदामवाले मामा ताडपत्रीवर बसले होते. समोर तुरीचा लालसर ढीग. एका हातानं पिशवीचं तोंड सोडायचं, उलटी करायची, झटकायची, पिशवी बाजूला फेकायची. रेडिओ चालू होता.

"मामा, हात थांबवा," मी म्हणाले.

"का बरं? आज तुमचा हुकूम चालतो का इथं, मौसी?" ते हसत म्हणाले आणि हातातली पिशवी उलटी केली.

पोरीनं ती पिशवी त्यांच्या हातातून ओढली. ती रिकामी झाली होती. चिठ्ठीवर एकतीस लिहिलं होतं, माझ्या अक्षरात.

"नंबरानं करताय?" मी विचारलं.

"हां, एक से. मला गडबड आवडत नाही. एक झाली, दोन झाली, असं करत करत."

ती रिकाम्या पिशव्यांच्या ढिगात शिरली. सहा सापडली. रिकामी. वीस सापडली. रिकामी. एकोणतीस पण. ह्या तिन्ही तिच्या आईच्या. तिनं पिशवी उलटी करून शिवणीत बोट घातलं. दोन दाणे निघाले. ते तिनं मुठीत धरले आणि तशीच ढिगाकडं बघत उभी राहिली. ढिगात सगळे दाणे एकसारखे होते. त्यातून आपला दाणा कोणता हे जगातल्या कोणत्याही शास्त्रज्ञाला सांगता आलं नसतं.

मी मांडणीकडं गेले. उरलेल्या पिशव्या तिथं होत्या. बत्तीस. मग चौतीस. पस्तीस, छत्तीस, सदतीस. मी वाकून एकेक चिठ्ठी वाचत गेले. पंचेचाळीस. ती जड होती. तोंड बांधलेलं होतं, मी बांधलेली गाठ तशीच.

"पोरी," मी म्हणाले, "चौथी कोणती होती आईची?"

तिनं येऊन पिशवी उचलून छातीशी धरली आणि खाली बसली. मामांनी रेडिओ बंद केला.

"मला कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले. "साहेब सगळंच टाका म्हणाले. मी काय करू?"

"तुम्ही काही करू नका," मी म्हणाले. "आता फक्त चिठ्ठ्या फेकू नका. एकही."

नवीन सर तरुण होते. वाईट नव्हते. काचेच्या खोलीत बसायचे, पण आम्ही आत गेलो तर हाकललं नाही. पोरगी बोलायला लागली आणि आकड्यांतच गुंतली, म्हणून मीच बोलले. बोलले म्हणजे, पदराच्या ओच्यात आणलेल्या चिठ्ठ्या त्यांच्या फरशीवर मांडायला सुरुवात केली. भरल्या पिशव्यांच्या चिठ्ठ्या सोडण्याआधी मी पिशवीवरच कोळशानं नंबर घातला होता.

"आजी, हे काय करताय?"

"तक्ता," मी म्हणाले.

पहिली पट्टी. एक, दोन, तीन, चार. मग एका चिठ्ठीएवढी जागा मोकळी सोडली. मग सहा. बारापर्यंत. खाली दुसरी पट्टी. पंधराच्या जागी मोकळं. तिसरीत तेहतीस मोकळं. चौथीत अडतीस. आणि शेवटी पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, चारी हजर.

"तुमचा कागद म्हणतो शेवटचे चार मोजले नाहीत," मी म्हणाले. "त्यांच्या पिशव्या आहेत. तुमचा कागद म्हणतो पाचव्यात सदतीस झाडं होती. मग त्यांचं बी कुठंय? सदतीस झाडांना एक शेंग आली नाही का?"

सर खुर्चीवरून उठून आले. उभ्यानं बघितलं, मग गुडघ्यावर बसून बघितलं. बोटानं मोकळ्या जागा मोजल्या. उठून पेरणीचा नकाशा आणला. मरक्याचे चार नंबर बघितले. पाच, पंधरा, तेहतीस, अडतीस. त्यांनी नकाशा टेबलावर ठेवला. मी माणसाचा असा चेहरा फार कमी वेळा बघितलाय. माझ्या मुलानं एकदा गाडीचा रिव्हर्स चुकून टाकला होता आणि मागं कोणी नव्हतं. तेव्हा त्याचा झाला होता तसा.

"मी बारानं भाग दिला," ते शेवटी म्हणाले. "नुसताच."

मग ते संगणकावर बसले. पोरगी त्यांच्या मागं उभी राहिली. ओळ परत उघडली. चव्वेचाळीस आकडे. सरांनी चार ठिकाणी हातानं शून्य टाकलं. एकेक शून्य टाकलं की पुढचे आकडे आपापल्या घरी जाताना दिसायचे. आईच्या वाणाचे चार वाफे जुळले. सदतीस, पस्तीस, अडतीस, छत्तीस. बाकीच्या कोणाचा आकडा तिशीच्या वर नव्हता.

"आजी," सर म्हणाले, "मोजताना शून्य का नाही म्हणालात?"

"आम्ही म्हणत नाही."

"का?"

सासू म्हणायची नाही, एवढंच होतं. ते त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत, हे मला बरं वाटलं.

"आणि तुम्ही तीन पिशव्या का ओतायला लावल्या?" मी विचारलं. "कागद चुकला तरी बी काय खात होतं?"

ते म्हणाले, "इथून पुढं कोणतंही बी मला विचारल्याशिवाय हलवायचं नाही." म्हणजे त्यांनीच सांगितलं होतं हे विसरून. मी चिठ्ठ्या गोळा करायला लागले तर म्हणाले, राहू द्या, आधी फोटो काढतो.

चाचणी बादमधून निघाली. पोरगी पंचेचाळीस नंबरची पिशवी घेऊन एसटीनं गावी गेली आणि निम्मं बी आईच्या डब्यात टाकून आली. आई काय म्हणाली हे तिनं मला सांगितलं नाही. तीन पिशव्यांचं बी परत यायचं नव्हतं.

तो ढीग पुढं भरडायला गेला. त्याची डाळ शेतावरच्या मजुरांना वाटली. मला शेर-दीड शेर मिळाली. मी शिजवली आणि खाल्ली. टाकून द्यायची तर ती आणखी वाया. खाताना मात्र सारखं वाटत राहिलं की ह्या घासात त्या बाईचं एकटं उभं राहिलेलं झाड असेल. चवीला काही वेगळी नव्हती.

पुढच्या हंगामात उरलेलं बी परत त्याच आजारी तुकड्यात पेरलं. डिसेंबरात मोजणीला मी गेले. ते माझं शेवटचं वर्ष. पोरगी बांधावर उभी होती, हातात मोबाइल आणि काखेत कागदाची वही, दोन्ही. पहिलाच वाफा मरक्याचा निघाला. सगळ्या तुराट्या वाळलेल्या. शेजारीण गप्प झाली आणि सवयीनं पुढच्या वाफ्याकडं वळली.

मी वळले नाही. घसा साफ केला. बावीस वर्षांत मी त्या शेतात हा शब्द बोलले नव्हते, आणि तो बाहेर यायला तयार होईना. बांधावरून पोरगी म्हणाली, "मावशी, मी टाकते, राहू द्या."

"तू थांब," मी म्हणाले. "मी सांगितल्याशिवाय काही टाकू नको."

मग मी मोठ्यानं सांगितलं, शून्य. शेजारणीनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिच्या ताटात थुंकले. पुढच्या वाफ्यात गेलो. तो आईच्या वाणाचा होता. तिथं मोजायला वेळ लागला, कारण झाडं दाट आणि उभी होती.